अठराशेचा खण

अर्धं ड्रॉइंग काढायची पद्धत आमच्या वर्कशॉपमध्ये मी येण्याच्या आधीपासून होती. गर्डर दोन्ही बाजूंनी सारखाच असेल तर पूर्ण कशाला काढायचा? डावा अर्धा काढायचा, उजव्या टोकाला सेंटर लाइनची खूण करायची आणि खाली टीप लिहायची की उरलेली बाजू अशीच. कागद वाचतो, ड्राफ्ट्समनचा अर्धा दिवस वाचतो. मी ड्राफ्ट्समन होते. 'ड्राफ्ट्सवूमन' असा शब्द असतो हे मला फार नंतर कळलं, आणि तोवर त्याची गरज उरली नव्हती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागले. मंगळवार पेठेतून रोज सकाळी शहर बस पकडायची, डबा मांडीवर धरून नाक्यावर उतरायचं आणि फौंड्र्यांच्या काळ्या वाळूचे ढीग ओलांडत चालत जायचं. ऑफिस वर होतं, लोखंडी जिन्यावरून चढून जायचं. ड्रॉइंग बोर्डाशेजारच्या खिडकीतून खालचं सगळं शॉप दिसायचं. खाली तीस-बत्तीस पुरुष, वर मालक आणि मी. खाली जायला मला कुणी मनाई केली नव्हती, पण मी खाली गेले की ग्राइंडर बंद व्हायचा, दोघे-तिघे उगाच सरळ उभे राहायचे आणि कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन यायचा. त्यापेक्षा वर बसलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं ते होतं एवढंच.

शॉपचे मुख्य होते मिस्त्री. वय पन्नाशीच्या आसपास, मूळचे सीमेकडचे, निपाणीच्या पलीकडचे. मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ड्रॉइंग असं वाचायचे की आम्ही शिकलेल्यांनी लाजावं. मार्किंग करायचं म्हणजे टेपचं टोक पत्र्याच्या डाव्या कडेला अडकवायचं, खडूनं खूण मारायची, मग पंच. नेहमी डावीकडून. सगळ्यांना त्यांनी तसंच शिकवलं होतं, आणि ड्रॉइंगही डावा अर्धाच असल्यानं कागदावर आणि पत्र्यावर आकडे एकाच दिशेनं चालायचे.

एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "अक्का, हे स्टिफनर खालच्या फ्लँजला टेकवू नका असं का लिवता?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की खालची पट्टी ताणात असते, तिला आडवं वेल्ड केलं तर तिथून चीर सुरू होऊ शकते. त्यांनी मान डोलावली. "आमी पन चोवीस मिलिमीटर वरच थांबवतो. पन का ते म्हाईत नव्हतं. बरं झालं सांगिटलं." का ते विचारल्याशिवाय त्यांना काम करवायचं नाही, ही त्यांची खोड होती. मला त्या वेळी ती खोडच वाटायची.

जवळच्याच एका फौंड्रीनं शेड वाढवायला घेतली होती. शेडमध्ये दहा टनी क्रेन धावायची आणि तिच्या हुकाला वितळलेल्या लोखंडाची लाडल, म्हणजे ओतायची मोठी बादली, टांगलेली असायची. लॉरी सरळ आत यावी म्हणून त्यांना एका बाजूचा मधला खांब नको होता. खांब काढला म्हणजे तिथे क्रेनच्या रुळाखालचा गर्डर एका दमात पंधरा मीटर जायला हवा. एवढ्या लांबीचा तयार गर्डर मिळत नाही, तो प्लेटा जोडून करावा लागतो. वर एक जाड आडवी पट्टी, खाली एक, त्या फ्लँज. आणि दोघींच्या मध्ये उभा पत्रा, तो वेब. आमच्या गर्डरचा वेब बाराशे मिलिमीटर उंच होता आणि जाडी फक्त सहा. उंचीचा दोनशेवा भाग. हात लावला तर भिंत वाटायची, पण खरं म्हणजे तो पुठ्ठाच.

असा पातळ पत्रा कसा दगा देतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. क्रेन खांबाकडे येते तेव्हा तिचं जवळजवळ सगळं वजन त्या टोकातून खांबात उतरतं. त्या वेळी वेबच्या एका तिरक्या रेषेवर दाब येतो आणि तिला छेदणाऱ्या दुसऱ्या तिरक्या रेषेवर ताण. ताण पत्रा सोसतो. दाब त्याला सोसवत नाही. दबण्याऐवजी तो बाजूला पोट काढतो, तिरकं पोट. ते काढू नये म्हणून वेबला दोन्ही अंगांनी उभ्या पट्ट्या वेल्ड करतात, त्या स्टिफनर. दोन पट्ट्यांमधला जो चौकोन, त्याला आमचे मिस्त्री खण म्हणायचे. खण अरुंद असेल तर पत्रा सहजी फुगत नाही, रुंद असेल तर लवकर फुगतो. खांबाजवळ ही ओढाताण सर्वांत जास्त, म्हणून तिथे पट्ट्या जवळजवळ. मध्यावर कमी, म्हणून तिथे लांब लांब. आमच्या कन्सल्टंटनं दिलेलं अंतर असं होतं: खांबापासून निघून नऊशे, नऊशे, नऊशे, मग बाराशे, मग अठराशे, अठराशे. झाले साडेसात मीटर, म्हणजे अर्धा गर्डर. पुढे तसंच उलट.

मी ड्रॉइंग काढायला बसले. कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मी आधीच खांबावरच्या ब्रॅकेटचं डिटेल काढून ठेवलं होतं, आणि ते सुरेख आलं होतं. गर्डरचा डावा अर्धा काढायचा तर खांबाकडच्या टोकाचं डिटेल त्याच्याखाली बसवायला जागा उरत नव्हती. नवा कागद घ्यायचा आळस आला. मी उजवा अर्धा काढला. सेंटर लाइन डावीकडे, खांब उजवीकडे. टोकाच्या जाड पट्ट्या वेगळ्या डिटेलमध्ये होत्या, त्यामुळे मुख्य आकृतीत खांब कुठला आणि मध्य कुठला हे दाखवणारी एकच गोष्ट उरली, ती सेंटर लाइनची खूण. ती मी केली होती. ड्रॉइंग चूक नव्हतं. कुठल्याही कोर्टात टिकलं असतं.

मिस्त्रींनी टेपचं टोक डावीकडे अडकवलं आणि अठराशेपासून सुरुवात केली.

गर्डर तयार झाल्यावर तपासायचं काम माझंच. मी जिना उतरले, ग्राइंडर बंद झाला, पाणी आलं. मी लांबी मोजली, उंची मोजली, गेज लावून वेल्डची जाडी बघितली आणि स्टिफनर मोजले. मोजले म्हणजे संख्या मोजली. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा, बावीस. पट्ट्या उलट्या क्रमानं लावल्या तरी त्या बावीसच भरतात. वजनही तेच. मी रकान्यात 'बरोबर' लिहिलं, सही केली, आणि पाणी न पिताच वर गेले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. गर्डर ट्रेलरवर चढला आणि गेला.

चार महिन्यांनी त्याच फौंड्रीत दुसऱ्या कामाचं माप घ्यायला मालक मला घेऊन गेले. शेडमध्ये उभी राहून मी सहज वर बघितलं. आपण काढलेली गोष्ट खरी होऊन डोक्यावर उभी असते तेव्हा एक सुख असतं, ते घ्यायला म्हणून बघितलं. आणि काहीतरी डोळ्यांना खुपलं. मध्यावर पट्ट्या दाट होत्या. टोकांना, खांबांजवळ, कोरा पत्रा. आधी वाटलं खालून बघतेय म्हणून तसं दिसत असेल. मग मी खांबापासून खण मोजायला लागले आणि दुसऱ्याच खणाला मोजणं थांबवलं. मालक फौंड्रीच्या मॅनेजरशी बोलत होते. मी वहीत माप लिहीत राहिले. माझं अक्षर त्या पानावर जसं आहे तसं आयुष्यात कधी आलेलं नाही.

ऑफिसात येऊन ड्रॉइंग उघडलं. काय झालं ते बघता क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की कागदावर माझी चूक नाही. हे दुसरं कळायला नको होतं.

त्यानंतर मी सात महिने गप्प बसले. आकडा मुद्दाम लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःला 'काही दिवस' असं सांगत होते.

त्या सात महिन्यांत मी काय केलं? डिप्लोमाचं पुस्तक काढलं आणि गणित केलं. नऊशेचा खण जेवढ्या भाराला फुगेल, अठराशेचा त्याच्या जवळजवळ निम्म्या भाराला फुगतो. भरलेली क्रेन खांबाजवळ आली की टोकाचा खण आपली हद्द ओलांडतो. फार नाही, थोडीच. मग मी स्वतःला पुढचं पान वाचून दाखवलं. पत्रा फुगला म्हणजे गर्डर पडला असं नसतं. दाबाची वाट बंद झाली तरी ताणाची वाट उरते, फुगलेला पत्रा त्या तिरक्या रेषेवर कपड्यासारखा ताणून भार धरतो, टोकाच्या जाड पट्ट्या आणि फ्लँज भक्कम असल्या तर. हे खरं आहे. खरंच आहे, आणि मी ते औषधासारखं रोज घेत होते. त्याच्या पुढचं पान मी वाचत नव्हते. तिथे लिहिलं होतं की वारंवार भार येणाऱ्या गर्डरमध्ये पत्रा दरवेळी पोट काढतो आणि आत घेतो, श्वास घेतल्यासारखा, आणि त्यानं कडेचं वेल्ड हळूहळू चिरतं. क्रेन दिवसातून किती वेळा त्या खांबाजवळ जात असेल? दर ओतकामाला. आणि खाली साच्यांच्या रांगेत माणसं.

मला घरात चैन पडेना. जेवताना भिंतीतल्या कपाटाचा पत्रा दिसला की मी त्याची रुंदी मनात मोजायची. बसमध्ये पुढच्या सीटमागचा पत्रा खड्ड्याला थरथरायचा आणि मी जागा बदलायची. आई म्हणायची, पोरीला काहीतरी झालंय, देवीला जाऊन ये. गेले. रांगेत उभी राहून गाभाऱ्याच्या कमानीचे दगड मोजत बसले. कुणाला सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज सकाळी जिना चढताना खाली मिस्त्री दिसायचे, टेप डावीकडे अडकवून वाकलेले, आणि मी मुकाट्यानं वर जायची. सांगितलं तर काय होईल याची मला जी भीती होती ती गर्डरबद्दल नव्हती. या एमआयडीसीत ड्रॉइंग काढणारी बहुधा मी एकटीच बाई होते. पहिली चूक म्हणजे शेवटची नोकरी, असं मी धरून चालले होते.

सातव्या महिन्यात पुन्हा त्या फौंड्रीत जायची वेळ आली. दुपारचं ओतकाम चालू होतं. क्रेन चालवणाऱ्याला चढायला खांबाला लोखंडी शिडी होती. मी ओढणी कमरेला गुंडाळली आणि चढले. माझ्या बरोबर आलेला माणूस खालून ओरडला, मी ऐकलं नाही. शिडीवरून टोकाचा खण हाताला लागत होता. मी तळहात पत्र्यावर ठेवला. गरम होता, शेडच गरम होती. लांबून लाडल घेऊन क्रेन येताना दिसली. रूळ कुरकुरला. क्रेन जवळ आली आणि पत्रा माझ्या हाताला लागला. म्हणजे तो आधीच लागलेला होता, पण आता त्यानं मला ढकललं. थोडंसंच, दोनेक मिलिमीटर असेल. लाडल खाली झाली, ओतलं, क्रेन मागे फिरली आणि पत्रा 'टक' करून परत गेला. तेलाच्या डब्याचा तळ दाबून सोडला की होतो तसा आवाज. खाली कुणाला तो ऐकू गेला नसेल. मला आजही कधी कधी येतो, बरणीचं झाकण उघडताना, नव्या ताटलीवर गरम भात पडताना, आणि माझा उजवा हात आपोआप मिटतो.

त्याच संध्याकाळी, सगळे हात धूत असताना, मी मिस्त्रींना बाजूला बोलावलं. मालकांना नाही, मिस्त्रींना. का, ते मला तेव्हाही नीट माहीत होतं. त्यांना सांगितलं की टोकाचे खण अठराशेचे झालेत. ड्रॉइंग उलटं काढलं गेलं होतं, असं म्हणायचं मी जिन्यावर ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते, "मार्किंग उलटं झालंय."

त्यांनी ड्रॉइंग मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी ते पिंपावर पसरलं, सेंटर लाइनच्या खुणेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवूनच राहिले. मग घडी घालून माझ्या हातात दिलं.

"उद्या सकाळी बगून येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शिडीवर चढले, त्यांनीही हात लावला, आणि परत येऊन सरळ मालकांच्या टेबलासमोर उभे राहिले. मी माझ्या बोर्डाशी होते, चार हातांवर.

"फौंड्रीच्या गर्डरचं मार्किंग माझ्याकडनं उलटं झालंय मालक," ते म्हणाले. "टोकाचं खण फुगायलेत. क्रेन आजच थांबवा."

"ड्रॉइंग काय म्हणतंय?" मालकांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.

मी ड्रॉइंग पुढे केलं. "सेंटर लाइन दाखवली आहे," मी म्हणाले. चार शब्द. खोटा एकही नव्हता.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही.

क्रेन थांबली. पत्र्यावरचा रंग घासून काढला, चिरा शोधायला वेल्डवर तांबडा द्रव लावला, पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली. टोकाच्या खणात, वेब आणि वरच्या फ्लँजच्या वेल्डच्या कडेला, पांढऱ्यावर एक लाल रेघ हळूहळू उमटली. बोटभर लांब. दुसऱ्या टोकाला त्याहून लहान. कन्सल्टंट ती बघून "वेळेत सापडली" एवढंच म्हणाले. मिस्त्रींनी स्वतः चीर खोदून काढून पुन्हा वेल्ड भरलं. मग दोन्ही टोकांना अठराशेच्या प्रत्येक खणात मधोमध नव्या पट्ट्यांची एकेक जोडी बसवली. खण नऊशेचे झाले. पट्ट्या खालच्या फ्लँजपासून चोवीस मिलिमीटर वर थांबवल्या, ते मी खालून मोजलं. या वेळी सगळी अंतरंही मोजली. क्रेन भरून आणली, मी पुन्हा शिडीवर चढून हात लावला. पत्रा हलला नाही.

फौंड्रीच्या लोकांनी अट घातली की तो मिस्त्री आमच्या कामाला परत नको. मालकांनी त्यांना काढलं नाही, फाटकं-ग्रिलच्या कामावर घातलं. मोठ्या गर्डरांचा माणूस. शिरोलीत बातमी दोन दिवसांत फिरली आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना 'उलटा मिस्त्री' म्हणालं. नाव चिकटलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि तो मी संपवला. दिवाळीनंतर मिस्त्रींनी काम सोडलं. सासुरवाडीला, पेठ वडगावला, त्यांनी छोटं दुकान टाकलं म्हणे. निरोपाला ते वर आले, हात जोडले. "येतो अक्का." मी म्हणाले, "या."

पुढे माझं चांगलंच झालं, हे सांगायला मला लाज वाटते. मालकांनी पगार वाढवला, कारण चूक मी पकडली असं मिस्त्रींनीच त्यांना सांगितलं होतं. तपासणीवरची माझी सही कुणी काढून बघितलीच नाही. दहाएक वर्षांनी मी स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. तोवर बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले होते आणि अर्धा गर्डर आरशात फिरवून पूर्ण करायला एक बटण पुरत होतं. तरी माझ्या हाताखालची मुलं थट्टा करायची, की मॅडम टेबलाचा पायसुद्धा पूर्ण काढायला लावतात. हसू दे. मला कागदावर अर्धी गोष्ट बघवत नव्हती. हायवेनं जाताना तो फौंड्रीचा भाग आला की मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायची. शेडचं छप्पर तिथून दिसतसुद्धा नाही.

आणि स्वप्नात मी शिडीवर असायची. पत्रा ढकलायचा आणि परत जायचाच नाही, ढकलत राहायचा.

शेवटी दोन हजार सहा-सातच्या सुमाराला मी वडगावला गेले. कुणी मेलं नव्हतं, काही घडलं नव्हतं. मला फक्त त्यांच्यासमोर ते एक वाक्य म्हणायचं होतं, की चूक माझी होती आणि मी तुमच्या नावावर जाऊ दिली. दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं, बाहेर अर्धवट रंगवलेली दोन फाटकं टेकवलेली. मिस्त्री खुर्चीवर होते. केस सगळे गेले होते, डोळ्याला जाड चष्मा. काम मुलगा बघतो म्हणाले. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अक्का व्हय? बसा की. उभ्या का?"

चहा आला. मी तो हातात धरला आणि बोलले. सगळं बोलले. कागदावरची जागा, आळस, उजवा अर्धा, बावीसची मोजणी, सात महिने, आणि मालकांसमोरचे ते चार शब्द.  त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. 

"मार्किंग माझंच की," ते म्हणाले. "खडू माझ्या हातात हुता. कागद काय खडू मारतोय?"

"पण मी काढलंच उलटं होतं मिस्त्री. तुम्ही नेहमी डावीकडून घेता हे मला माहीत होतं."

"ते खरं हाय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला शंका आलतीच. टोकाला एवढं मोटं खण आनी मधी दाट, असं कवा केलं नव्हतं. खडू खाली ठिवला आन वर इचारायला आलतो."

"कधी?"

"त्याच दिवशी. मार्किंगच्या. दारात हुबा हुतो. तुमी ब्रॅकेटचं कायतरी खोडत हुता. म्या म्हटलं, अक्का, ह्ये खण असंच का? तुमी म्हनला, ड्रॉइंगमधे हाय तसं करा."

मी आठवायचा प्रयत्न केला. तो बोर्ड आठवला, खिडकी आठवली, ब्रॅकेटच्या डिटेलमधला एक चुकलेला बोल्ट आठवला, जो मी खरंच ब्लेडनं खरवडत होते. दारातला माणूस आठवला नाही. इतकी वर्षं मी प्रत्येक दिवस उलटून पालटून बघितला होता, आणि हा दिवस त्यात नव्हताच.

"मला हे आठवत नाही," मी म्हणाले.

"तुमाला कशाला आठवंल? रोजचंच हुतं की ते." त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग मालकांना हे का नाही सांगितलं?"

"काय सांगू? इचारलं हुतं म्हनून? इचारून परत उलटंच मारलं, ते कुनी मारलं? मनाला पटत नव्हतं तर हलायचंच न्हाय तिथनं. म्या हललो. जिना उतारलो." त्यांनी चष्मा परत घातला. "चा गार हुतोय."

मी चहा घेतला. मुलगा येऊन काहीतरी विचारून गेला, मिस्त्रींनी त्याला नीट समजावून सांगितलं, दोनदा. मला निघायचं होतं, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय उठवत नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही दारात आलात तेव्हा मी वर बघितलं होतं का?"

त्यांनी थोडा विचार केला. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, ते मला दिसत होतं.

"न्हाय अक्का," ते म्हणाले.